फराळाच्या पार्सलबद्दल, डबे भरण्याआधी

हॅरो, लंडन

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर म्हणालीस की यंदा फराळ दसऱ्यालाच रवाना करायचा आणि दादरच्या दुकानातून पेढेही घ्यायचे. बोलता बोलता सगळं सांगणं जमेना, म्हणून सविस्तर लिहिते. डबे भरण्याआधी हे बाबांनाही वाचून दाखव.

आधी पेढ्यांचं. पेढे, बर्फी, खव्याच्या करंज्या, श्रीखंडाच्या वड्या यातलं काहीही पाठवू नकोस. युरोपबाहेरच्या देशांतून दूध आणि दुधाचे पदार्थ इथं आणायला बंदी आहे, आणि ती टपालाने येणाऱ्या पार्सलांनाही लागू आहे. एकट्या भारतावर राग आहे असं समजू नकोस. लाळ्या-खुरकताचा विषाणू दुधातून आणि मांसातून पसरू शकतो. २००१ साली इथं ती साथ आली, तेव्हा साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. मराठवाड्यातल्या आपल्या माणसांच्या गोठ्यात हा रोग येऊन जातो, तेव्हा काय हाल होतात हे तू पाहिलं आहेसच. त्यामुळे हा नियम मला पटतो. एप्रिल २०२५ मध्ये तर त्यांनी युरोपातून येणाऱ्या प्रवाशांचं चीज आणि मांससुद्धा थांबवलं. असा पदार्थ सापडला की तो नष्ट करतात. इथल्या एका ओळखीच्या कुटुंबाला गेल्या दिवाळीत उघडून पुन्हा चिकटवलेला खोका मिळाला. आत पेढ्यांऐवजी फक्त एक कागद होता.

मग काय चालतं? चिवडा, शेव, भाजणीची चकली आणि कडबोळी बिनधास्त पाठव. फक्त चकलीच्या पिठात लोणी घालू नकोस, मोहन तेलाचंच असू दे. शंकरपाळ्यांचंही तसंच. इथं बिस्किटं आणायला परवानगी आहे आणि शंकरपाळे त्यांच्या जवळचे आहेत, पण तू दूध-तूप घातलंस तर ते तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहील. पाणी आणि तेल वापरून केलेस तर प्रश्नच उरत नाही.

बेसनाच्या लाडवांचा मी खूप विचार केला. त्यांत तूप भरपूर, आणि तूप हा दुधाचाच पदार्थ. मिठाईला इथं सूट आहे, पण ती कच्च्या दुधाचा अंश नसलेल्या मिठाईलाच. घरी वळलेला, वेष्टनावर काहीही न छापलेला लाडू त्या सुटीत बसतो हे तिथं कोण पटवून देणार? त्यापेक्षा असं कर. अर्धा किलो चण्याची डाळ तू नेहमी भाजतेस तशी मंद आचेवर तांबूस भाज, जाडसर दळून आण आणि ते पीठ पिशवीत बंद करून पाठव. वेलदोडे-जायफळाची पूड वेगळ्या पुडीत दे. पाव किलो तूप आणि पिठीसाखर इथं सहज मिळते. मी पीठ तुपात पुन्हा परतून लाडू वळेन. लाडवाची खरी चव तुझ्या भाजण्यात आहे, आणि तेवढी नक्की पोचेल.

अनारशांवर खसखस इथं चालते. पण याच फराळातला वाटा दुबईला मंगेशदादाकडे धाडणार असशील तर अनारसे वगळ. तिथं खसखस अंमली पदार्थांत मोजतात आणि त्यापायी माणसं तुरुंगात गेली आहेत. एका देशाचा नियम दुसऱ्याला लावून चालत नाही.

आता पूजेचं सामान. कापूर अजिबात नको. तो झटकन पेट घेतो, म्हणून विमानाने जाणाऱ्या टपालात बसत नाही. काडेपेटी, फुलबाज्या आणि अत्तराची बाटली यांचंही तेच. गंगाजलाची कुपी फुटून सगळा फराळ ओला होईल, ती राहू दे. तुपात भिजवलेल्या फुलवाती दादरला डबीत मिळतात, त्याही नकोत. कोरड्या कापसाच्या वाती पाठव. विड्याची पानं, आंब्याचे डहाळे, झेंडूची फुलं यांना सरकारी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, ते आपल्याला मिळणार नाही. मोरपीस तर भारतातूनच बाहेर जाऊ देत नाहीत. हळद, कुंकू, उटणं, रांगोळी आणि पणत्या चालतील. पण प्रत्येक पुडीवर नाव इंग्रजीत लिही, कारण एक्सरेच्या पडद्यावर पुसट दिसणारी लाल भुकटी पाहून कोणीही ती उघडणारच. कंदील घडीचा पाठव, त्यात बॅटरीचे दिवे नकोत.

बाबांसाठी मुद्दा आहे तो फॉर्मचा. परदेशी पार्सलाला सीमाशुल्काचा सीएन २२ किंवा सीएन २३ भरावा लागतो. तिथं नुसतं 'गिफ्ट' किंवा 'स्वीट्स' लिहू नका. 'पोह्यांचा चिवडा, तेलात तळलेला, दूध नाही' असं पदार्थवार इंग्रजीत लिहा, वजन आणि किंमत समोर. पिशव्यांवरही घटकांची चिठ्ठी चिकटवा.

इथं ३९ पौंडांपर्यंतच्या भेटवस्तूला कर नाही. त्यावर गेलं की साधारण वस्तूंवर २० टक्के व्हॅट लागतो, आणि तो हिशेब करताना टपालखर्चही धरतात. शिवाय वाटप करणारी कंपनी आपलं शुल्क घेते. पण एकाच खोक्यात निरनिराळ्या माणसांच्या भेटी असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र ३९ पौंड मिळतात, अट एवढीच की नावं आणि किमती फॉर्मवर वेगळ्या हव्यात. पौंड ११५ रुपये धरला तर माझी ३,५०० रुपयांची साडी ३० पौंडांवर जाते, अनिकेतचा २,८०० चा कुर्ता २४ वर, आणि २,००० चा फराळ १७ वर. एकाच नावावर घातलं तर ७२ च्या आसपास होतात. म्हणून साडी माझ्या नावे, कुर्ता त्याच्या नावे, फराळ ईशाच्या नावे, तिघांची पाकिटं आत वेगळी बांधून. मात्र किंमत खरीच लिहा. बिल सोबत ठेवलं तर आणखी चांगलं. साडी ५,००० ची निघाली तर ती एकटीच ४३ पौंडांची होते, आणि एका साडीचे दोन भाग दाखवता येत नाहीत.

जीपीओत जाताना बाबांनी आधार कार्ड न्यावं आणि खोका उघडाच न्यावा, तिथं आतलं सामान पाहायला मागतात. चिकटपट्टी खिशात ठेवा. चकल्या पूर्ण गार झाल्यावरच भर आणि कडक डब्यात उभ्या रचून ठेव, नाहीतर पोचेपर्यंत भाजणीची भुकटी होईल.

फॉर्म भरून झाला की चिकटवण्याआधी त्याचा फोटो मला पाठवा. काही खोडावं लागलं तर त्याच संध्याकाळी सांगेन.

बाबांना नमस्कार, ताईच्या मुलांना गोड पापा.

तुझी,
मेघना