मनू, तुझ्या बटव्याच्या खेळाबद्दल

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचू देते आहे, कारण चार महिने सगळ्यांनीच मला शहाणपण शिकवलं. "वय झालं, बारीक चावून खा," असं तुझा काका म्हणाला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तर मान वर न करता गॅसच्या गोळ्या लिहून दिल्या, त्याही तीनदा. आधी भाकरी अडकायची, मग मऊ पोळी, शेवटी भातसुद्धा. मी आमटीत कुस्करून, वर पाणी पिऊन ढकलत होते. ब्लाऊज सैल झाले, तर शेजारीण म्हणाली, "बारीक झालात, छान!"

तू नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत आलीस आणि माझ्या तोंडाकडे न बघता ताटाकडे बघितलंस. "आजी, पहिल्यांदा काय अडकायला लागलं? पाणी की भाकरी?" एवढं साधं कुणी विचारलं नव्हतं गं.

मग माझा पानाचा बटवा घेतलास. नाडी आवळून तो उलटा धरलास. लवंगा पडल्या, अख्खी सुपारी तोंडाशीच अडकली. "घन आधी अडकतं आणि नंतर मऊही, म्हणजे वाट अरुंद होत चालली असणार. पण नाडी आवळली आहे की आत काही वाढलंय, हे बाहेरून कसं कळणार?" मी विचारलं, कॅन्सर का? तू खोटं बोलली नाहीस. "असू शकतो, नसूही शकतो. बघायलाच हवं." त्या शब्दांनीच मला धीर आला. बाकी सगळे "काही नाही हो" म्हणत होते, तेव्हाच मला जास्त भीती वाटायची.

श्वास कोंडेल म्हणून मी घशातून दुर्बीण घालून तपासायला नाही म्हणत होते. श्वासाची नळी वेगळी, हे तूच सांगितलंस, आणि तुझी करंगळी माझ्या हातात दिलीस: "दुर्बिणीची नळी साधारण एवढी जाड."

तपासणीचं काय सांगू? उपाशीपोटी गेले, कवळी काढून ठेवली, घशात कडू फवारा मारला, डाव्या कुशीवर झोपवलं. उमासे आले, पण दहा मिनिटांत आटोपलं. वर्षानुवर्षांच्या आम्लाने अन्ननलिकेचं खालचं टोक आकसलं होतं. गंमत म्हणजे मला अडकल्यासारखं वाटायचं ते गळ्याखाली! आकसलेल्या जागेचा तुकडा तपासला, कॅन्सर निघाला नाही. मग पुढच्या खेपेला फुग्याने वाट रुंद केली. ज्या जळजळीवर मी वीस वर्षं सोडा पीत होते, तिनेच हे केलं होतं.

आता रोज न्याहारीआधी गोळी घेते. काल भाकरी खाल्ली, पाण्याचा घोट न घेता. वाट पुन्हा आकसू शकते म्हणतात, म्हणून पुढच्या महिन्यात दाखवायला जायचंय. रजा मिळाली तर ये. नाही मिळाली तरी मी जाईन.

तुझी,
आजी