एकाच नावाची दोन वाय-फाय

महोदय,

परवा स्टेशनावर फोनमध्ये एकाच नावाची दोन वाय-फाय दिसली. एकाला कुलूप, दुसरे उघडे. नाव कोणीही कोणतेही ठेवू शकतो. पूर्वी जोडलेले उघडे नाव पुन्हा दिसले, की बरेच फोन न विचारता त्याला जोडले जातात.

बँकेच्या अ‍ॅपची देवाणघेवाण कूटबद्ध असते, ती मधल्यामध्ये वाचणे सोपे नाही. सापळा असतो तो जोडणीनंतर उघडणाऱ्या पानात. तिथे कार्डक्रमांक मागितला किंवा ‘सर्टिफिकेट’ बसवायला सांगितले, तर लगेच बाहेर पडावे. मोबाइल डेटावर (४जीपासून तरी) सिम आणि नेटवर्क आधी एकमेकांची ओळख पटवतात.

मी पैसे पाठवण्यापुरते वाय-फाय बंदच करतो. कॅफेतून निघताना ते नाव फोनमधून काढून टाकायला मात्र हमखास विसरतो!

– एक वाचक