सही कोणाची चालते, तेही मुलांना सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर सीए, कॉस्ट अकाउंटंटचा सीएमए आणि कंपनी सेक्रेटरीचा सीएस या अभ्यासक्रमांची तुलना सगळीकडे छापून येते. ती बहुतेक पेपर मोजून केलेली असते. पहिल्या पायरीनंतरच्या दोन टप्प्यांत सीएला 6 आणि 6 पेपर, सीएमएला 8 आणि 8, सीएसला 7 आणि 7. त्यावरून सीए हलकी वाटते. सांगलीत वाणिज्य शिकवताना मला दिसतो तो भार वेगळा आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीला सीए इंटरच्या, म्हणजे मधल्या टप्प्याच्या, तीन पेपरांच्या एका ग्रुपमध्ये 54, 48 आणि 45 गुण मिळाले. प्रत्येक पेपरला 40 लागतात, म्हणजे ती तिन्हींत पास. पण ग्रुपची बेरीज 150 हवी, तिची झाली 147. एकाही पेपरात 60 नसल्याने सूट नाही, तिन्ही पेपर पुन्हा. 40 आणि 50 टक्क्यांची अट इतर दोन्हीकडेही आहे. सीएत मात्र इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय सीएच्या हाताखालची 2 वर्षांची उमेदवारी, म्हणजे आर्टिकलशिप, सुरू होत नाही आणि ती संपून 6 महिने झाल्याशिवाय फायनलला बसता येत नाही. त्या 3 गुणांनी तिचे पुढचे सगळेच ढकलले. इंटरची परीक्षा आता वर्षातून तीनदा होते, एवढाच दिलासा. सीएमए आणि सीएसला जून आणि डिसेंबर, दोनच संधी.

खर्चही असाच वाढतो. सीए इंटरच्या दोन्ही ग्रुपची नोंदणी 18 हजारांच्या आसपास होते. घर रिकामे होते ते पुण्यातली खोली, मेस आणि क्लासपायी, आणि प्रत्येक नापास ग्रुपमागे हा खर्च काही महिने लांबतो.

पुढच्या संधींबद्दल मुलांनी एकच विचारावे: कायद्याने कोणती सही फक्त माझी? कंपनी कितीही लहान असो, तिचे वैधानिक ऑडिट सीएच करतो. टॅक्स ऑडिटही त्याचेच. म्हणून तालुक्याच्या गावीही त्याचे ऑफिस चालते. सीएसची नेमणूक शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना आणि 10 कोटी किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्यांना सक्तीची आहे. अशा नोकऱ्या मुंबई-पुण्याकडे जास्त.

सीएमएबाबत आमच्या भागात एक गैरसमज आहे. उत्पादनखर्च तपासणारे कॉस्ट ऑडिट सीएमएच करतो आणि साखर त्या ऑडिटच्या यादीत आहे, तेव्हा एवढ्या कारखान्यांत काम मिळेलच, असे पालक धरून चालतात. पण ही सक्ती कंपनी कायद्यातली आहे आणि तीही ठरावीक उलाढालीच्या वर. खासगी कारखाना कंपनी असतो, त्याला ती लागू होते. सहकारी कारखाना सहकार कायद्याखाली नोंदलेला, तो तिच्या बाहेर राहतो. कारखान्यात कॉस्टिंगची नोकरी मिळू शकते, औषध आणि खत कंपन्यांतही मिळते. पण गावात स्वतःची प्रॅक्टिस थाटायची असेल, तर आसपास किती कारखाने सहकारी आणि किती खासगी, ते नोंदणीआधी मोजावे.

आपली,
एक वाणिज्य शिक्षिका, सांगली