सीरम कुठे मिळेल, एवढं तरी रात्री सांगा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी रात्री पावणेदहाला आमच्या सोसायटीच्या गेटवर जेवणाचं पार्सल घेऊन आलेल्या मुलाला भटकं कुत्रं चावलं. गाडी स्टँडवर लावून वळतो तोच पोटरीला. दोन दात खोल रुतले होते, रक्त मोज्यापर्यंत आलं होतं. मी सोसायटीचा सचिव, ओरडा ऐकून खाली धावलो.

वॉचमनकाका हळद आणायला निघाले, त्यांना थांबवलं. बागेच्या नळाखाली पाय धरून साबणाने घड्याळ लावून पंधरा मिनिटं जखम धुतली. पाचव्या मिनिटालाच तो म्हणाला, "दादा, बास, पुढची ऑर्डर लेट होईल." पण रेबीजचा विषाणू आधी जखमेतच असतो, साबणाने तो तिथेच बराचसा मरतो. मग पोव्हिडोन आयोडीन लावलं आणि जखम उघडीच ठेवली.

जवळच्या सरकारी दवाखान्यात लस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं. रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं सीरम मात्र नव्हतं. "उद्या मोठ्या हॉस्पिटलात बघा." कोणत्या, ते तिथे कुणालाच सांगता आलं नाही.

साहेब, रक्त येईल असा चावा तिसऱ्या, म्हणजे सर्वात गंभीर श्रेणीत मोडतो. लसीने शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. तेवढ्या काळात विषाणूला अडवायला जखमेतच सीरम भरावं लागतं, तेही शक्यतो त्याच दिवशी. हा मुलगा साठ किलोचा. घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं सीरम किलोमागे 40 युनिट, म्हणजे जास्तीत जास्त 2400. 1500 युनिटच्या दोन कुप्या. त्या दोन कुप्यांसाठी मी रात्री चार आणि सकाळी सहा फोन केले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला सीरम मिळालं. पहिल्या लसीपासून सात दिवसांपर्यंत ते देता येतं, म्हणून निभावलं.

कळवलं कुणाकुणाला? त्याच्या भावाला. कंपनीच्या हेल्पलाइनला, तिथे पहिला प्रश्न पार्सल पोचलं का, हा होता. महापालिकेच्या श्वान विभागाला. तक्रार क्रमांक मिळाला, माणूस अजून आलेला नाही. दवाखान्यात तर कुत्रं कोणतं, हे कुणी विचारलंच नाही. डाव्या कानाला नसबंदीची खाच असलेलं ते तपकिरी कुत्रं दहा दिवस धडधाकट राहतं का, हे बघायला हवं. ते काम त्याला खायला घालणाऱ्या समोरच्या काकू करताहेत, रोज सकाळी मला फोटो पाठवतात.

माझी मागणी एकच. लस देणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात आज सीरम कुठे शिल्लक आहे, त्याची यादी रोज फळ्यावर लागावी, फोन नंबरासकट. आणि केसपेपर झाला की त्याच खिडकीवरून श्वान विभागाला कळवलं जावं. रक्ताळलेल्या पायाने रुग्णाने ते करायचं नाही.

उद्या त्याचा तिसरा डोस आहे. मी सोबत जाणार आहे.

आपला,
एक सोसायटी सचिव