घड्याळाखाली थांबलेल्या मुलीसाठी: आभार

बसस्थानकाच्या गर्दीत आईबाबांचा हात सुटलेली सहा वर्षांची मुलगी सुखरूप भेटली. ज्यांनी मदत केली त्यांची नावे कळली नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

भेटीची जागा घरच्यांनी आधीच दाखवून ठेवली होती: चौकशी खिडकीवरचे मोठे घड्याळ. फलाट क्रमांक ठरवला असता तर घोटाळा झाला असता, कारण गाडी ऐनवेळी दुसऱ्या फलाटावर लागते. शिवाय लहान मुलाच्या उंचीवरून फक्त पाय आणि पिशव्या दिसतात. खूण उंचावरच हवी.

आधी मुलगी होती तिथेच थांबली. मग शेजारी लेकरू घेऊन बसलेल्या ताईंना तिने "घड्याळ कुठंय?" असं विचारलं. ताई, तुम्ही तिला स्थानकाबाहेर नेलं नाहीत, सगळ्यांसमोरून घड्याळापर्यंत सोबत चाललात, याचे मोल फार आहे.

ध्वनिक्षेपकावर बोलणाऱ्या दादांचे विशेष आभार. तुम्ही मुलीचे नाव, फ्रॉकचा रंग काहीच पुकारलं नाहीत, फक्त पालकांना नावाने खिडकीपाशी बोलावलंत. वर्णन जाहीर झालं की कुणीही येऊन हक्क सांगू शकतो. वडील आल्यावरही तुम्ही कपड्यांची खूण विचारलीत, मुलीने ओळखलं, तेव्हाच तिला सोपवलंत. आई तोवर फलाटांवर शोधत होती. तिला फोन लावून देणाऱ्या वाहकांचेही मनापासून आभार.