लांबी आणि दिशा दोन्ही चुकीची सांगणाऱ्या माहितीपत्रकाबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: १४ मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठीचा डायपोल अँटेना संच

महोदय,

मी देवगडला राहतो. माझ्याकडे हौशी रेडिओचा परवाना आहे. दिल्लीतल्या मित्राशी १४.२ मेगाहर्ट्झवर बोलता यावे म्हणून गेल्या महिन्यात तुमच्याकडून अर्धलहरी डायपोलचा, म्हणजे अर्ध्या लहरीएवढ्या तारेच्या अँटेनाचा, संच मागवला. तार चांगली आहे, मधला जोडही मजबूत आहे. तक्रार आहे ती सोबतच्या माहितीपत्रकाची. त्यामुळे माझे दोन रविवार फुकट गेले आणि माडावर चढणाऱ्या पाडेल्याला दोनदा मजुरी द्यावी लागली.

पत्रकात लांबीचे सूत्र एकच आहे: १५० भागिले मेगाहर्ट्झ. त्याने १०.५६ मीटर येतात, आणि तार तुम्ही नेमकी तेवढीच कापून पाठवली आहे. पण हे मोकळ्या अवकाशातल्या लहरीचे माप झाले. खऱ्या तारेच्या टोकांशी विद्युतक्षेत्र थोडे बाहेर पसरते, त्यामुळे तार आहे त्यापेक्षा लांब असल्यासारखी वागते. म्हणून उघड्या तांब्याच्या तारेला १५० ऐवजी साधारण १४३ हा आकडा धरतात. तुमच्या तारेवर तर पीव्हीसीचे वेष्टण आहे. त्याने लहर आणखी मंदावते आणि तार त्याहूनही आखूड लागते.

दोन माडांमध्ये दहा मीटर उंचीवर तार ताणली. १४.२ वर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते सांगणारा आकडा, पाचच्या वर गेला आणि ट्रान्समीटरने आपोआप शक्ती कमी केली. अँटेना अॅनालायझरने खालपर्यंत शोधत गेलो, तेव्हा सर्वांत कमी आकडा १३.२५ मेगाहर्ट्झवर मिळाला. फोनवर तुमच्या प्रतिनिधीने दोष खाऱ्या हवेला दिला. खारी हवा कालांतराने सांधे गंजवते, हे आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना कोणी सांगायला नको. पण नव्या कोऱ्या तारेचा सूर पहिल्याच दिवशी जवळजवळ एक मेगाहर्ट्झने खाली यायचे ते कारण नव्हे. तार लांब होती, एवढेच.

दुरुस्तीचा हिशेब सोपा आहे आणि तो पत्रकात असायला हवा होता. आहे ती लांबी गुणिले मोजलेली वारंवारता, भागिले हवी असलेली वारंवारता. १०.५६ गुणिले १३.२५ भागिले १४.२, म्हणजे ९.८५ मीटर. एकूण ७१ सेंटिमीटर जास्त, प्रत्येक बाजूला सुमारे ३५. मी लगेच कापली नाही. टोके मागे दुमडून तारेभोवती पिळली, पुन्हा मोजले, थोडे इकडेतिकडे केले आणि मगच कापली. आता १४.२ वर आकडा दीडच्या आत आहे.

दुसरी चूक जास्त गंभीर वाटते. पत्रकात लिहिले आहे, "ज्या दिशेला बोलायचे त्या दिशेला तार ताणा." देवगडहून दिल्ली उत्तरेपासून जेमतेम १६ अंश पूर्वेला आहे, म्हणून मी तार किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण बांधली. मित्राचा आवाज कसाबसा कळत होता. डायपोल सर्वांत जास्त शक्ती तारेच्या काटकोनात, दोन्ही बाजूंना टाकतो. टोकांच्या दिशेला जवळपास काही जात नाही. तारेशी १६ अंशांचा कोन झाला तर मुख्य दिशेच्या मानाने शक्ती विसाव्या भागावर येते. प्रत्यक्षात एवढी पोकळी पडत नाही, कारण लहर आकाशाकडे कोन करून निघते आणि त्या कोनात खड्डा काहीसा भरून निघतो. तरी तार पूर्व-पश्चिम केल्यावर मित्राच्या सिग्नल-मीटरवर दोन एस-युनिटांची वाढ दिसली.

कुठल्या दिशेला किती शक्ती जाते ते दाखवणारे पत्रकातले इंग्रजी आठाच्या आकाराचे चित्र बरोबरच आहे. पण त्यावर तार कुठे आहे हेच दाखवलेले नाही! बाहेरचे वर्तुळ शून्य डेसिबल, म्हणजे कमाल. उणे ३ डेसिबलच्या वर्तुळाला रेषा मुख्य दिशेच्या दोन्ही बाजूंना ३९ अंशांवर छेदते. तिथे शक्ती निम्मी उरते. म्हणजे ७८ अंशांचा पट्टा कामाचा. हे वाचायला तार कुठली ते कळलेच पाहिजे. शिवाय ते चित्र मोकळ्या अवकाशातले आहे. जमिनीवर अँटेना अर्ध्या लहरीएवढ्या, म्हणजे इथे साडेदहा मीटरच्या आसपासच्या उंचीवर असेल तरच आकार तसा राहतो. कौलांवर चार मीटरवर टांगली तर बहुतेक शक्ती सरळ वर जाते आणि दिशेचा फरक फारसा उरत नाही.

संच मला परत करायचा नाही. पत्रकातले सूत्र बदला, वेष्टणाच्या तारेचा आकडा तुम्ही स्वतः मोजून छापा, चित्रावर तार काढा आणि दिशेची ती ओळ खोडा. आधी संच घेतलेल्यांनाही दुरुस्त पत्रक पाठवा. आणि पाडेल्याच्या दोन वेळच्या मजुरीची भरपाई द्या. पावती सोबत जोडली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

आपला,
देवगड येथील एक ग्राहक