मित्राला विचार, पण असं विचार

चि. सागर यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू खोलीतल्या जोडीदाराशी गॅसच्या पैशावरून झालेल्या भांडणाचं सगळं सांगितलंस आणि शेवटी म्हणालास, "बाबा, आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?" मी काही बोललो नाही, त्याचा तुला राग आला असेल. पण मी तिथं नव्हतो. मी ऐकलं ते तुझ्या तोंडून, आणि त्यात मी तुझा बाप. माझा तराजू आधीच तुझ्याकडे झुकलेला. हा प्रश्न तुमच्या खोलीतल्या तिसऱ्या पोराला विचार, दर्यापूरच्या. तो तिथं हजर होता आणि त्याचं तुझ्याशी बरं आहे. मात्र विचारायचं कसं, हे फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

2007 साली तंटामुक्त गाव मोहीम निघाली तेव्हापासून मी गावच्या समितीत बसतोय. धुऱ्याची, पांदण रस्त्याची, वाटणीची भांडणं ऐकून ऐकून कान पिकले. येणारा प्रत्येक जण 'माझं काय चुकलं ते सांगा' असंच म्हणतो. पण त्याला ते ऐकायचं नसतं. 'तुझं काहीच चुकलं नाही' एवढंच त्याला हवं असतं. खरंच ऐकून घेतलेला माणूस मी क्वचित पाहिला, आणि त्यातला एक तुझा मोठा मामा. विहिरीवरून भांडण झालं होतं एवढं तुला माहीत आहे. पुढचं तुला कुणी सांगितलं नसेल.

विहीर आजोबांच्या काळातली, सातबाऱ्यावर मामाचा अर्धा हिस्सा आणि चुलत भावाचा अर्धा. मोटर एक, एक दिवस याचा, एक दिवस त्याचा. हरभरा फुलावर आलेला, दोघांचेही स्प्रिंकलर लागलेले. मामाच्या पाळीला दुपारनंतर लाइन गेली ती आलीच नाही, अर्धं वावर कोरडं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सरळ आपले पाइप जोडले आणि मोटर चालू केली. चुलत भाऊ आला, पाहिलं आणि स्टार्टरचे फ्यूज काढून खिशात घातले. मग जे व्हायचं ते झालं. मजूर उभे, शेजारच्या वावरातले लोक धुऱ्यावर आलेले. शेवटी चुलत भाऊ "पाहून घेतो तुले" म्हणून निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी तहसीलला अर्ज देणार अशी बातमी गावात आली.

भांडण झालं त्याच संध्याकाळी मामा गिरणीवाल्या काकांकडे गेला. दोघं लहानपणापासूनचे, आणि काकांचं वावर लागूनच असल्यानं भांडणाच्या वेळी ते धुऱ्यावर होते. मामानं विचारलं, "सांग बावा, लाइन गेली तर माझी पाळी बुडाली का नाही? मग माझं काय चुकलं?" काका म्हणाले, "बरोबर आहे तुह्यं." संपलं. आता या प्रश्नाला दुसरं उत्तर कोण देणार? उत्तर प्रश्नातच भरून दिलेलं. वर मामा अजून तापलेला, डोळे लाल. अशा वेळी मित्र तुला शांत करायला बोलतो, खरं सांगायला नाही.

तीन-चार दिवसांनी मामा पुन्हा गेला. यापेक्षा जास्त थांबूही नये, कारण मग पाहणाऱ्याच्याही आठवणीत घडलं ते कमी आणि गावात बोललं गेलं ते जास्त उरतं. गिरणी बंद झाल्यावर गेला, माझ्याशिवाय दुसरं कुणी नसताना. यावेळी त्यानं आधी चुलत भावाची बाजू सांगितली, त्या माणसाला मान्य होईल अशी: "सकाळी तो आपल्या पाळीला आला आणि पाहतो तर माझे पाइप लागलेले." मग म्हणाला, "पाळी कोणाची हे सोड. भांडण तिथवर माझ्या कोणत्या बोलण्यानं गेलं, तेवढं सांग."

सागर, हे दोन बदल बारीक वाटतात, पण सगळी किल्ली त्यातच आहे. दुसऱ्याची बाजू तू स्वतःच आधी नीट मांडलीस, की मित्राला त्याची वकिली करावी लागत नाही आणि तुझ्या विरुद्ध गेल्यासारखंही वाटत नाही. आणि 'बरोबर कोण' हे सोडून 'मी काय केलं' विचारलंस, की त्याला निकाल द्यावा लागत नाही. पाहिलेलं सांगायचं, बस.

काका तरी लगेच कुठे बोलतात! आधी म्हणाले, "जाऊ दे ना, टाळी काही एका हातानं वाजत नाही." असं उत्तर आलं की समजायचं, माणूस टाळतोय. ते कोणत्याही भांडणाला चालतं, त्यात घडलेली एकही गोष्ट नसते. मामा चिडला नाही. "कोणत्या बोलण्यावर तो फिरला, ते सांग," एवढंच पुन्हा विचारलं. काका म्हणाले, "तुले राग येईल." मामा म्हणाला, "आला तर आला. आज घरी जाईन, उद्या पुन्हा येईन. पण तू सांग."

मग काकांनी सांगितलं. पहिलं असं, की चुलत भावानं त्या दिवसासाठी पाइप हलवायला दोन मजूर सांगून ठेवले होते, त्यांची मजुरी त्याला बसून द्यावी लागली. मामानं आदल्या रात्री फोन केला असता तर त्यानं मजूर थांबवले असते. दुसरं, फ्यूज काढले तोवर नुसता आवाज चढला होता. पण मामा म्हणाला, "तुह्या बापानं या विहिरीतून एक टोपलं गाळ तरी काढला का?" आणि तेही मजुरांसमोर. त्यानंतर चुलत भाऊ पाण्याबद्दल एक शब्द बोलला नाही. तिसरं, हे म्हणताना मामा हसत होता.

मी तिथंच होतो, काकांकडे हिशेबाला गेलेला, दाराशी पोत्यावर बसलो होतो. मामाला माझी अडचण नव्हती. त्याच्या हातात तंबाखू होती. मळून झाली तरी तो मळतच राहिला, तोंडात टाकली नाही. "पण त्यानं फ्यूज..." एवढं तोंडातून निघालं आणि थांबला. मग विचारलं, "मजूर दोन होते का तीन?" काका म्हणाले, दोन. मामानं ऐकलेलं आपल्या तोंडानं परत म्हणून दाखवलं: फोन केला नाही, बापाचं काढलं, हसलो. "बरं झालं सांगितलं," म्हणाला आणि उठला.

ऐकून घेणं म्हणतात ते मला तरी एवढंच दिसलं. त्यानं पटल्याचं नाटक केलं नाही, हातही जोडले नाहीत. फक्त खुलासा द्यायची जी उबळ येते, ती त्या वेळेपुरती दाबली. तू खुलासा द्यायला लागलास, की मित्र अर्ध्यातून मागं घेतो, "तसं नाही रे, मला आपलं वाटलं," म्हणतो, आणि पुढचं कधीच सांगत नाही. काही विचारायचंच झालं तर समजायला विचार, खोडायला नको. मजूर किती होते, मी नेमकं काय म्हणालो, असं.

सांगितलेलं सगळं तिथल्या तिथं मान्य करायचीही गरज नाही. हसण्याचं मामाला पटलं नव्हतं. राग आला की माझं तोंडच तसं होतं, असं त्याचं म्हणणं. घरी जाऊन मामीला विचारलं. मामी म्हणाली, "हसता तुम्ही, मी लग्नापासून पाहून राहिली." तेही मिटलं. उलट, मोटरीच्या आवाजात चुलत भाऊ आधी काय पुटपुटला, ते काकांना धुऱ्यावरून ऐकू आलं नव्हतं. तेवढा भाग त्यांच्या सांगण्यात नव्हता, आणि मामानं तो धरलाही नाही. मित्र म्हणजे साक्षीदार, न्यायाधीश नाही. त्यानं जिथून पाहिलं तिथलंच तो सांगणार.

आणि सगळ्यात मोठी चूक लोक इथं करतात: मित्रानं सांगितलेलं भांडणात नेऊन वापरतात. "अमकासुद्धा म्हणतो, फ्यूज काढणं चूकच होतं." असं एकदा केलंस की तो मित्र दोन्हीकडून गेला. मामा चुलत भावाच्या अंगणात गेला तेव्हा काकांचं नावही काढलं नाही. बापाचं बोललो ते बोलायला नको होतं म्हणाला, दोन मजुरांचे पैसे ओट्यावर ठेवले. पाळीचा हक्क मात्र सोडला नाही, आणि सोडायला नकोच होता. पुढं ठरलं, की लाइन गेली तर राहिलेले तास पाळीत पुढं धरायचे, पण रात्रीच फोन करून. तहसीलचा अर्ज गेला नाही. दोघं एकमेकांकडे अजून चहाला जात नाहीत, हेही सांगतो. आठवड्यानं मामानं काकांना जे झालं ते कळवलं. एवढं कळवायचं लोक विसरतात. सांगणाऱ्याला वाटत राहतं, आपण उगाच बोललो की काय.

आता तुझं. त्या पोराला खोलीत विचारू नको, दुसरा ऐकेल. अभ्यासिकेतून परत येताना चालता चालता विचार. त्याला दोघांसोबत राहायचं आहे, तेव्हा 'कोण चुकलं' हा शब्दच नको. विचार, "गॅसच्या पैशावरून सुरू झालं ते सामान बाहेर ठेवण्यापर्यंत गेलं. मधे मी असं काय बोललो?" नाही म्हणाला तर सोडून दे, दोनदा विचारू नको. न सांगणं हा त्याचा हक्क आहे. बोलला तर मधे तोंड घालू नको. आणि त्याबदल्यात त्याला त्याचे दोष सांगायला बसू नको, तसा सौदा नाही हा. निंदकाचं घर शेजारी असावं म्हणतात, पण यासाठी निंदक कामाचा नाही, त्याचं उत्तर विचारायच्या आधीच तयार असतं. म्हणून वरच्या मजल्यावरच्या त्या पोराकडे जाऊ नको, ज्याला तुमच्या खोलीतली भांडणं ऐकायला मजा येते.

काय सांगितलं ते मला कळवायची गरज नाही. तुझं तुझ्याजवळ राहू दे.

तूर सोंगून झाली, या आठवड्यात मळणी. महिन्याचे पैसे सोमवारी टाकतो, त्यातून गॅसचा तुझा वाटा आधी देऊन टाक. आईनं शेवया केल्यात, गावचं कुणी अमरावतीला निघालं की देतो.

तुझे
बाबा